एकच गिअर, तीन मागण्या: इलेक्ट्रिक स्कूटरचा रेशो ५.३६ वरून ६.२६ वर कसा आला

## पार्श्वभूमी

एका छोट्या चमूने बनवलेली इलेक्ट्रिक स्कूटर. मोटर गाडीच्या मध्यावर, तिच्यापुढे दोन टप्प्यांचा हेलिकल गिअरबॉक्स आणि मग थेट मागचं चाक. क्लच नाही, गिअर बदलायची सोय नाही. एकदा बसवलेला रेशो रॅम्पवरही तोच आणि मोकळ्या रस्त्यावरही तोच.

आमच्याकडे काम आलं तेव्हा चाचणीच्या गाड्या रस्त्यावर धावत होत्या. गिअरबॉक्सचा रेशो ५.३६ होता, म्हणजे मोटरचे ५.३६ फेरे झाले की चाकाचा एक. तो मोटर पुरवणाऱ्याने सुचवलेला होता. त्यामागचा विचार सरळ होता: सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला ताशी ७५ किलोमीटर वेग हवा, तर चाकाला किती फेरे लागतील आणि त्या फेऱ्यांना मोटर पुरेसा टॉर्क देईल का? देत होती, म्हणून रेशो ठरला.

गाडीकडून खरं तर तीन मागण्या होत्या. एकट्याने सपाटीवर ७५ चा वेग. डबलसीट असताना १२ टक्क्यांचा पाच किलोमीटर लांब चढ ३० च्या वेगाने. आणि डबलसीट असतानाच २० टक्क्यांच्या पार्किंग रॅम्पवर मध्येच थांबून पुन्हा निघता येणं. २० टक्के म्हणजे आडव्या १०० मीटरमागे २० मीटर उंची. रेशो ठरताना यातली फक्त पहिली मागणी विचारात घेतली गेली होती.

## अडचण

तक्रारी दोन होत्या आणि चमूला त्या वेगवेगळ्या वाटत होत्या.

पहिली रॅम्पवरची. डबलसीट गाडी रॅम्पच्या मध्यावर थांबवली, ब्रेक सोडून थ्रॉटल पूर्ण पिळला, तर गाडी जागची हलत नव्हती. मोटरचा गुंजल्यासारखा आवाज यायचा, चाक बोटभर मागे सरकायचं आणि काही सेकंदांत कंट्रोलर स्वतःला वाचवायला मोटर बंद करायचा. चाचणी करणाऱ्याने लिहून ठेवलं होतं: "बॅटरीतून जेमतेम २० अँपिअर जातायत, म्हणजे कंट्रोलर मोटरला पुरेसा करंट देत नाही." तर्क चुकीचा होता. मोटर फिरत नसते तेव्हा ती यांत्रिक काम करत नाही, त्यामुळे बॅटरीकडून फक्त वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तांब्याची गुंडाळी, तापवण्यापुरती शक्ती ओढली जाते. कंट्रोलरकडून मोटरला जाणाऱ्या फेजच्या तारांमध्ये मात्र त्याच वेळी अडीचशे अँपिअरच्या आसपास करंट होता. मोटर आपला संपूर्ण २४ न्यूटन-मीटर टॉर्क देतच होती. तो कमी पडत होता.

दुसरी तक्रार लांब चढाची. सुरुवातीला गाडी झकास ओढायची आणि साडेतीन किलोमीटरच्या आसपास एकदम मरगळायची. लॉग पाहिला तर तिथे वाइंडिंगमधल्या तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरने १४० अंश गाठले होते आणि कंट्रोलर टॉर्क कापू लागला होता. चमूतल्या एकाचं मत होतं की मोटरच लहान पडते, मोठी घेऊ. ते मान्य करण्याआधी आम्ही आकडेमोड नव्याने मांडली.

## रस्ता किती मागतो

प्रत्येक प्रसंगी चाकाला लागणारं बल या एका सूत्रातून निघतं:

```
F = m·g·sinθ + Crr·m·g·cosθ + 0.5·ρ·CdA·v²
T_wheel = F · r
T_motor = T_wheel / (G · η)
```

पहिला भाग चढाचा, दुसरा टायरच्या घर्षणाचा, तिसरा वाऱ्याचा. θ म्हणजे चढाचा कोन, Crr टायरच्या घर्षणाचा गुणांक, ρ हवेची घनता, G म्हणजे रेशो आणि η म्हणजे गिअरबॉक्सची कार्यक्षमता, जी आम्ही ०.९४ धरली.

यातलं r म्हणजे चाकाची त्रिज्या आम्ही आधी मोजून घेतली. ९०/९०-१२ या टायरच्या आकड्यांवरून ती ०.२३३ मीटर येते. पण हवा भरून, माणूस बसवून, टायरवर खडूची खूण करून गाडी एक पूर्ण फेरा ढकलली, तर अंतर भरलं १.४१४ मीटर. म्हणजे चालती त्रिज्या ०.२२५. साडेतीन टक्क्यांचा हा फरक पुढे प्रत्येक उत्तरात शिरतो, आणि तो टाळायला खडू आणि टेप पुरतो.

एकट्या माणसासह वजन १९० किलो, डबलसीट आणि थोड्या सामानासह २७०. घर्षणाचा गुणांक ०.०१५ आणि वाऱ्याला गाडी किती अडते ते सांगणारा CdA ०.५ चौरस मीटर. दोन्ही गाडी वेगात सोडून देऊन ती कशी मंदावते हे मोजून काढले. मग तीन उत्तरं मिळाली.

सपाटीवर ७५ च्या वेगाला १५८ न्यूटन बल लागतं, म्हणजे चाकावर सुमारे ३६ न्यूटन-मीटर. त्यातलं १३० न्यूटन एकट्या वाऱ्याचं. १२ टक्क्यांच्या चढावर ३० च्या वेगाला ३७६ न्यूटन, चाकावर ८५ न्यूटन-मीटर. रॅम्पवर नुसतं तोलून धरायला आणि घर्षण मोडायला ५५८ न्यूटन, चाकावर १२६ न्यूटन-मीटर. तिथून सुखाने निघायचं, म्हणजे सेकंदाला ०.३ मीटर प्रति सेकंद एवढा वेग वाढत जावा असं म्हटलं, तर १४४.

जुन्या रेशोने मोटर चाकाला जास्तीत जास्त २४ × ५.३६ × ०.९४, म्हणजे १२१ न्यूटन-मीटर देऊ शकत होती. गरज १२६ ची. गाडी जागची का हलत नव्हती याचं उत्तर या पाच न्यूटन-मीटरमध्ये होतं.

## मोटरचा आलेख काय सांगतो

मोटरच्या माहितीपत्रकावरचा टॉर्कचा आलेख देखणा होता: २६०० आरपीएमपर्यंत सपाट २४ न्यूटन-मीटर, तिथून उतरत ३५०० ला १७, ४५०० ला ९ आणि ५६०० ला शून्य. पण त्याच्या कोपऱ्यात दोन गोष्टी बारीक अक्षरांत होत्या. हा आलेख ५१ व्होल्टचा आहे, आणि २४ न्यूटन-मीटर फक्त ३० सेकंदांसाठी आहे. सतत चालवायचा टॉर्क १२.

व्होल्टेजचं आधी घेऊ. उतरता भाग व्होल्टेजबरोबर सरकतो, कारण मोटर फिरताना स्वतः उलटं व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, तयार करते आणि ते बॅटरीच्या जवळ पोचलं की करंट आत ढकलायला जागा उरत नाही. या मोटरला व्होल्टमागे सुमारे ११० आरपीएम पडतात. बॅटरी भरलेली असताना लोडखाली ५८ व्होल्ट मिळत होते, संपत आली की ४६. म्हणजे आलेखाचा शेवट जवळजवळ ६३७० पासून ५०५० आरपीएमपर्यंत हलतो. सपाट भाग मात्र जागेवर राहतो, कारण तो कंट्रोलरच्या फेज करंटवर अवलंबून आहे. म्हणून बॅटरी उतरली की गाडीचा वेग पडतो, पण रॅम्पवरचा जोर तसाच राहतो.

आता ३० सेकंदांची अट. लांब चढावर ३० च्या वेगाने जायला चाकावर ३.१ किलोवॉट लागतात, रेशो कुठलाही असो. रेशो बदलतो ते एवढंच की ही शक्ती मोटर जास्त टॉर्क आणि कमी फेऱ्यांनी देते की कमी टॉर्क आणि जास्त फेऱ्यांनी. आणि तापण्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच पडतो. टॉर्क करंटच्या प्रमाणात, तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. जुन्या रेशोला चढावर मोटरकडून १६.८ न्यूटन-मीटर मागितले जात होते, सतत मर्यादेच्या १.४ पट, म्हणजे उष्णता जवळजवळ दुप्पट. वर तांबं तापलं की त्याचा रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्का वाढतो, त्यामुळे शेवटचे अंश जास्तच भराभर चढतात. गाडी "एकदम" मरगळते असं चालवणाऱ्याला वाटायचं ते यामुळे.

मोटर लहान होती असं म्हणायला या आकड्यांत आधार नव्हता. ती चुकीच्या जागी राबवली जात होती.

## पर्याय

मोटरचा टॉर्क सतत मर्यादेत, १२ वर ठेवायचा तर रेशो ७.५ हवा. रॅम्पसाठी ६.४ पुरतो. ७५ च्या वेगासाठी ५१ व्होल्टला ५.४ च्या वर जाता येत नाही. तिन्ही एकत्र बसत नाहीत. तेव्हा कुठली मागणी किती कठोर आहे हे विचारणं भाग होतं.

मोठी मोटर हा पर्याय वजन, फ्रेममधली जागा आणि नवा कंट्रोलर एवढं सगळं मागत होता. दोन वेगांचा गिअरबॉक्स तांत्रिकदृष्ट्या सगळं सोडवतो, पण चढावर गिअर बदलताना ओढ तुटते, तेल-सील-क्लच वाढतात, आणि एवढ्या गाडीला तो सोस वाटला.

वाइंडिंगचे वेढे कमी करून तीच मोटर जास्त वेगाने फिरवणं हा पर्याय चर्चेत वेगळ्या कारणाने आला. कुणीतरी म्हणालं, रेशो आहे तोच ठेवू, मोटरच "जास्त ताकदीच्या" वाइंडिंगची घेऊ. नुसतं वाइंडिंग बदलून चढावरची उष्णता कमी होत नाही. त्याच खाचांत तेवढंच तांबं असेल तर तेवढ्याच टॉर्कला तेवढीच उष्णता होते. फक्त करंट आणि व्होल्टेज यांची अदलाबदल होते. फायदा होतो तो वेगवान वाइंडिंग आणि मोठा रेशो दोन्ही जोडीने घेतल्यावर. पण त्यासाठी नवी मोटर मागवावी लागणार होती आणि तेवढा वेळ चमूकडे नव्हता.

उरला नुसता रेशो. तोही हवा तो मिळत नाही, कारण दाते पूर्ण आकड्यांत असतात. घराचं ओतीव काम बदलायचं नव्हतं, म्हणून शाफ्टमधलं अंतर कायम, म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या दात्यांची बेरीज ५९ च ठेवायची. दुसरा टप्पा १६ आणि ४४ दात्यांचा तसाच. जुना पहिला टप्पा २० आणि ३९ चा होता. त्याजागी १९–४० घेतला तर ५.७९, १८–४१ ला ६.२६, १७–४२ ला ६.७९. यातला ५.७९ लगेच बाद झाला. रॅम्पवर निघण्यापुरता जोर मिळतो, पण जेमतेम, आणि गिअरबॉक्समधलं तेल गार असताना तोही भरवशाचा नाही. उरलेले दोन आम्ही जुन्याशेजारी मांडले:

| रेशो | रॅम्पवर चाकाचा टॉर्क (न्यू.-मी.) | लांब चढावर मोटरचा टॉर्क (न्यू.-मी.) | सतत मर्यादेच्या तुलनेत उष्णता | सपाटीवर कमाल वेग: ५८ / ५१ / ४६ व्होल्ट (किमी/तास) |
|---|---|---|---|---|
| ५.३६ | १२१ | १६.८ | १.९६ पट | ८४ / ७५ / ६८ |
| ६.२६ | १४१ | १४.४ | १.४४ पट | ७६ / ६७ / ६१ |
| ६.७९ | १५३ | १३.२ | १.२२ पट | ७१ / ६३ / ५७ |

## निर्णय कुठे अडला

चर्चेत ६.७९ कडे कल होता. रॅम्पला भरपूर शिल्लक, चढावर मोटर गार. वेग मात्र भरल्या बॅटरीलाही ७१. तो फील्ड वीकनिंगने भरून काढू, असं म्हणणं पुढे आलं. म्हणजे कंट्रोलरने चुंबकाच्या क्षेत्राला विरोध करणारा जादा करंट सोडायचा, बॅक ईएमएफ दाबायचं आणि मोटर आलेखाच्या शेवटापलीकडे न्यायची.

ते करता येतं, पण त्याची हद्द कुठे आखायची यावर निर्णय फिरला. ६.७९ ला ७५ चा वेग म्हणजे ६००० आरपीएम. त्या फेऱ्यांना मोटर स्वतः ५५ व्होल्टच्या आसपास तयार करते. बॅटरी ५१ वर असेल आणि नेमका तेव्हा कंट्रोलर एखाद्या दोषामुळे बंद पडला, तर क्षेत्र दाबणारा करंट जातो आणि ते ५५ व्होल्ट कंट्रोलरमधल्या मॉसफेट स्विचांच्या डायोडमधून बॅटरीत घुसतात. मोटर जनरेटर होते आणि मागच्या चाकाला न मागितलेला ब्रेक लागतो. दोन चाकांवर, ७५ च्या वेगात, तेही कदाचित वळणावर.

६.२६ ला हाच वेग ५५३४ आरपीएमला येतो, बॅक ईएमएफ सुमारे ५०.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी मध्यावर असेपर्यंत ते बॅटरीच्या खालीच राहतं. इथे फील्ड वीकनिंग लागतं ते फक्त शेवटचे सहा न्यूटन-मीटर मिळवायला, थोडंसं. मग चमूने नियम असा ठरवला की फील्ड वीकनिंग वापरायचं, पण मोटरचे फेरे त्या क्षणीच्या बॅटरी व्होल्टेजच्या ११० पटीवर जाऊ द्यायचे नाहीत. बॅटरी ४६ वर आली की वेग ६८ ला थोपतो. जुन्या रेशोचाही त्या बॅटरीला तेवढाच वेग होता, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

राहिली उष्णता. १.४४ पट म्हणजे ६.२६ सुद्धा सतत मर्यादा ओलांडतोच. पण सतत मर्यादा म्हणजे तासन्‌तास चाललं तरी मोटर ज्या तापमानाला स्थिर राहते तो टॉर्क. पाच किलोमीटर ३० च्या वेगाने म्हणजे दहा मिनिटं. प्रश्न स्थिर तापमानाचा नव्हता, दहाव्या मिनिटाच्या तापमानाचा होता. जुन्या लॉगमधून मोटर किती वेगाने तापते ते काढलं, तेव्हा ६.२६ ला माथ्यावर १२५ ते १३० अंश यायला हवेत असं दिसलं. १४० च्या आत, पण फार ऐसपैस नाही. चढ पंधरा किलोमीटरचा असता तर आम्ही ६.७९ घेऊन वेगाची मागणीच खाली आणायला सांगितली असती.

## काय केलं

फक्त पहिल्या टप्प्याची जोडी बदलली. १८ दात्यांच्या पिनियनचा, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरचा, दाता जुन्या २० च्या मानाने थोडा जास्त भार घेतो, तो पायथ्याच्या वाकण्याच्या हिशेबात बसतो का ते तपासलं. १८ आणि ४१ मध्ये समान विभाजक नाही, त्यामुळे तेच तेच दाते वारंवार भेटत नाहीत आणि झीज सगळीकडे वाटली जाते.

पहिल्याच चाचणीत गंमत झाली. फील्ड वीकनिंग अजून चालूही केलं नव्हतं आणि तरी डिस्प्लेवर ७८ दिसत होते. कारण या गाडीचा स्पीडोमीटर चाकावरून चालत नाही. कंट्रोलर मोटरच्या फेऱ्यांवरून वेग काढतो आणि त्याच्यात रेशो अजून ५.३६ च भरलेला होता. खरा वेग जीपीएसवर ६७. ओडोमीटरही त्याच प्रमाणात, जवळजवळ १७ टक्के, पुढे पळत होता, म्हणून त्या दिवसाचे किलोमीटरमागच्या खर्चाचे आकडे फुकट सुधारलेले दिसले. कंट्रोलरमधला रेशो आणि चाकाचा परीघ दोन्ही दुरुस्त केल्यावरच पुढच्या चाचण्या घेतल्या.

## निकाल

रॅम्पवर डबलसीट गाडी थांबून निघते. गणिताप्रमाणे वेग सेकंदाला पाव मीटर प्रति सेकंदाने वाढतो, म्हणजे झेप नाही, पण मागे न सरकता स्थिर निघते. ०.३ ची मूळ अपेक्षा थोडी हुकली आणि ती चमूने जाणून मान्य केली.

लांब चढ ३० च्या वेगाने पूर्ण झाला. माथ्यावर थर्मिस्टर १२९ अंश दाखवत होता. टॉर्क कुठेही कापला गेला नाही. सपाटीवर अर्ध्या बॅटरीला ७५ मिळतात, संपत आलेल्या बॅटरीला ६८. भरल्या बॅटरीला पूर्वी ८४ जायची ती आता जात नाही. एकदोन चाचणीकरांना ते खटकलं, पण मागणी ७५ चीच होती आणि ८४ हा जुन्या रेशोचा अपघाताने मिळालेला बोनस होता.

किंमतही मोजली. शहरी वेगाला मोटर १७ टक्के जास्त फिरते, त्यामुळे मोटरच्या लोखंडी गाभ्यातला ऊर्जेचा अपव्यय वाढतो. सपाटीवर एका चार्जचं अंतर सुमारे दोन टक्क्यांनी घटलं. चढउताराच्या रस्त्यावर मात्र तांब्यातली बचत ते भरून काढते.

## वेगळं काय करता आलं असतं

मोटर निवडण्याआधी तिन्ही मागण्या एका कागदावर असत्या, तर वेगवान वाइंडिंग आणि ७.५ च्या आसपासचा रेशो ही जोडी सुरुवातीलाच घेता आली असती. फेज करंट थोडा वाढवून चाकावर रॅम्पपुरता टॉर्क, वेग फील्ड वीकनिंगशिवाय आणि चढावर मोटर सतत मर्यादेत. त्याची किंमत म्हणजे जास्त फेऱ्यांचा लोखंडी अपव्यय आणि गिअरचा आवाज, आणि ती मला तरी परवडणारी वाटते. चमू पुढच्या आवृत्तीसाठी हाच हिशेब करतो आहे.

दुसरं, शाफ्टमधलं अंतर गोठवण्याआधी त्यात कोणते रेशो बसतात याची यादी काढायला हवी होती. दात्यांची बेरीज वेगळी ठेवली असती तर ६.४ च्या आसपासची जोडी मिळाली असती आणि रॅम्पवरची ती शेवटची तडजोडही करावी लागली नसती.

आणि चढाच्या मागणीत टक्क्यांइतकीच लांबी आणि वेग लिहिलेला हवा. इथे "१२ टक्के चढ" एवढंच लिहिलं होतं. लांबी आम्ही नकाशावरून आणि लॉगमधून शोधली. टक्के फक्त टॉर्क सांगतात. तो किती मिनिटं द्यायचा हे कळल्याशिवाय आलेखावरची २४ ची रेषा वाचायची की १२ ची, हे ठरत नाही.